एक डायोड उलटा बसला तर

बारावीच्या भौतिकशास्त्रात अर्धसंवाहकांच्या धड्यावर एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. त्याचं साधं रूप असं : ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीतून १२ व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी पुरवठा मिळतो. तो चार सिलिकॉन डायोडांच्या ब्रिज रेक्टिफायरला जोडला आहे आणि आउटपुटला १ किलोओहमचा रोध लोड म्हणून लावला आहे. लोडवरच्या व्होल्टेजचा आलेख काढा. त्याचं शिखर मूल्य, सरासरी आणि वारंवारता सांगा. चारपैकी एक डायोड चुकून उलटा बसवला, तर आउटपुट कसं असेल?

पहिल्या भागांची उत्तरं पाठ असतात, त्यामुळे ती पटकन लिहिली जातात. शेवटच्या भागाला मात्र बहुतेक जण ‘हाफ वेव्ह आउटपुट मिळेल’ असं लिहून मोकळे होतात. हे उत्तर चूक आहे. चार डायोडांची आकृती एक चित्र म्हणून लक्षात राहिली असेल तर ही चूक होणारच, कारण पाठ केलेल्या चित्रात उलटा डायोड नसतो. सर्किट टोकाटोकानं वाचता आलं, तर मात्र या प्रश्नात अवघड असं काहीच उरत नाही. म्हणून हा एकच प्रश्न घेऊन तो शेवटपर्यंत सोडवू.

सुरुवात एका डायोडपासून करायला हवी. चिन्हात एक त्रिकोण असतो आणि त्याच्या टोकाला आडवी रेघ. त्रिकोणाचा पाया म्हणजे पी बाजू, म्हणजेच ॲनोड. रेघ म्हणजे एन बाजू, कॅथोड. प्रत्यक्ष डायोड हातात घेतला, तर काळ्या नळकांडीच्या एका टोकाला रुपेरी पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे चिन्हातली रेघ. विद्युतधारा त्रिकोणाकडून रेघेकडे जाऊ शकते, उलट दिशेनं नाही. विहिरीवरच्या पंपाच्या पाइपाला तळाशी जो फूट व्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर जाऊ देतो आणि खाली परतू देत नाही. शिवाय त्याची झडप उघडायलाही थोडा दाब लागतोच. डायोडचंही तसंच आहे.

तो ‘थोडा दाब’ कुठून येतो? सिलिकॉनच्या एका बाजूला पी प्रकारची आणि दुसऱ्या बाजूला एन प्रकारची भेसळ केली, की एन बाजूचे मोकळे इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून पी बाजूच्या होल्समध्ये जाऊन बसतात. सीमेजवळ मग मोकळे विद्युतवाहक उरत नाहीत. उरतात ते जागेवर खिळलेले आयन : एन बाजूला धन, पी बाजूला ऋण. या आयनांमुळे तिथं एक विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते पुढच्या इलेक्ट्रॉनांना अडवतं. या वाहकरहित पट्ट्याला डिप्लीशन लेयर म्हणतात. पी बाजू एन बाजूपेक्षा वरच्या विभवावर नेली, की हा पट्टा अरुंद होतो, अडसर खाली येतो आणि धारा झपाट्यानं वाढते. सिलिकॉनसाठी ही वाढ साधारण ०.७ व्होल्टच्या आसपास जाणवण्याइतकी मोठी होते, जर्मेनियमसाठी ०.३ च्या आसपास. धारा त्याआधी शून्य असते आणि ०.७ ला एकदम सुरू होते, असं नाही. ती आधीपासून असते, पण इतकी कमी की सर्किटचं गणित करताना सोडून देता येते. पाठ्यपुस्तकातला ०.७ हा आकडा म्हणजे हिशेबासाठी केलेली सोय आहे.

आता सर्किट वाचण्याचा खरा नियम : डायोडच्या दोन्ही टोकांची विभवं शोधा आणि कोणतं वर आहे ते पाहा. पी टोक वर असेल तर डायोड फॉरवर्ड बायसमध्ये आहे, एन टोक वर असेल तर रिव्हर्स बायसमध्ये. इथं नुसत्या चिन्हानं माणूस फसतो. समजा पी टोक उणे २ व्होल्टवर आहे आणि एन टोकाच्या पुढे १ किलोओहमचा रोध लावून त्याचं दुसरं टोक उणे ८ व्होल्टला जोडलं आहे. ‘पी ला ऋण जोडलं आहे, म्हणजे रिव्हर्स’ असं म्हणून अनेक विद्यार्थी धारा शून्य लिहितात. पण उणे २ हे उणे ८ पेक्षा ६ व्होल्टनं वर आहे. डायोड चालू आहे. सहापैकी ०.७ व्होल्ट तो स्वतः घेतो, उरलेले ५.३ व्होल्ट रोधावर पडतात आणि धारा ५.३ मिलिअँपिअर येते. सर्किटमधल्या कोणत्या बिंदूला शून्य मानायचं हे आपणच ठरवलेलं असतं. डायोडला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याला फक्त स्वतःच्या दोन टोकांमधला फरक कळतो.

हा नियम हाताशी ठेवून रेक्टिफायरकडे वळू. एसी पुरवठ्यात कोणतं टोक वर आहे हे सारखं बदलत असतं. आपल्या घरी येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणजे २० मिलिसेकंदांत एक आवर्तन पुरं होतं. पहिले १० मिलिसेकंद एक टोक वर, पुढचे १० मिलिसेकंद दुसरं. म्हणून प्रश्न दोनदा सोडवायचा. पहिल्या अर्ध्या आवर्तनात एसीच्या जागी एक बॅटरी आहे असं समजायचं, दुसऱ्या अर्ध्यात तीच बॅटरी उलटी. एवढं केलं की एसीचा प्रश्न डीसीचे दोन सोपे प्रश्न होऊन जातो.

आधी १२ व्होल्ट म्हणजे काय ते पाहायला हवं. हे आरएमएस मूल्य आहे : एखाद्या रोधात जेवढी उष्णता १२ व्होल्टची बॅटरी निर्माण करेल, तेवढीच हा एसी पुरवठा करतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्ष व्होल्टेज शून्यापासून चढत शिखराला जातं आणि पुन्हा उतरतं. साइन तरंगाचं शिखर आरएमएसच्या √२ पट, म्हणजे १.४१४ पट असतं. १२ ला १.४१४ नं गुणल्यावर १६.९७ येतात, १७ व्होल्ट म्हणू. याच हिशेबानं घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचं शिखर ३२५ व्होल्ट असतं. प्रश्नात ‘१२ व्होल्ट आरएमएस’ लिहिलं आहे की ‘शिखर मूल्य १२ व्होल्ट’, हे डोळ्यांत तेल घालून वाचावं. पहिल्याच ओळीत इथं गफलत झाली, तर पुढचं सगळं गणित बिनचूक करूनही उत्तर चुकतं.

आता ब्रिज. आकृतीत तो बहुधा समभुज चौकोन म्हणून उभा काढलेला असतो आणि डोळा गोंधळतो तो त्या तिरक्या रेषांमुळेच. आकृती बाजूला ठेवा आणि चारच वाक्यं लिहा. एसीची दोन टोकं अ आणि ब. आउटपुटचं धन टोक क, ऋण टोक ड. लोड क आणि ड यांच्यामध्ये. डायोड डी१ अ कडून क कडे धारा नेऊ शकतो. डी२ ब कडून क कडे. डी३ ड कडून अ कडे. डी४ ड कडून ब कडे. संपलं सर्किट. क ला दोन डायोडांच्या रेघा येऊन मिळतात, ड ला दोन त्रिकोणांचे पाये. कोणत्याही ब्रिजच्या आकृतीत आउटपुटचं धन टोक ओळखायचं असेल, तर दोन रेघा जिथं मिळतात तो कोपरा शोधावा. आकृती कितीही फिरवून काढलेली असली तरी ही खूण बदलत नाही. ज्या कोपऱ्यात एक रेघ आणि एक पाया भेटतात, तिथं एसी जोडायचा असतो.

पहिल्या अर्ध्या आवर्तनात अ वर आहे. अ कडून निघालेली धारा डी१ मधून क ला जाते. तिथून ब कडे जायचा सरळ रस्ता नाही, कारण डी२ ची रेघ क कडे आहे, म्हणजे तो उलटा पडतो. म्हणून धारा लोडमधून ड ला येते. ड पासून पुढे दोन डायोड आहेत : डी३ अ कडे जातो, पण अ तर सगळ्यांत वरच्या विभवावर आहे, तेव्हा तो बंद, डी४ ब कडे जातो, तो चालू. धारा ब ला पोचली, फेरी पुरी झाली. दुसऱ्या अर्ध्यात ब वर येतो. मग मार्ग ब, डी२, क, लोड, ड, डी३, अ असा होतो. दोन्ही वेळा लोडमध्ये धारा क कडून ड कडेच वाहिली. ब्रिजचं काम एवढंच आहे.

या जोडणीला अनेक पुस्तकांत ग्रेट्झ ब्रिज म्हणतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिओ ग्रेट्झ यांनी १८९७ मध्ये ती प्रसिद्ध केली, पण पोलंडचे कारोल पोलाक यांनी त्याआधीच, १८९५-९६ मध्ये, तिचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा सिलिकॉनचा डायोड कुठेच नव्हता. ॲल्युमिनिअमची पट्टी द्रावणात बुडवून केलेले विद्युतअपघटनी रेक्टिफायर वापरले जात. हे मुद्दाम सांगितलं, कारण ब्रिजचं तर्कशास्त्र अर्धसंवाहकांवर अवलंबून नाही. एकाच दिशेनं धारा जाऊ देणारी कोणतीही चार उपकरणं त्याला पुरतात.

सिलिकॉन कुठे डोकावतो, तर आकड्यांत. धारेच्या मार्गात प्रत्येक वेळी दोन डायोड एकापाठोपाठ येतात. प्रत्येकाचे ०.७, म्हणून दोघांचे मिळून १.४ व्होल्ट वजा होतात. १६.९७ मधून १.४ गेले की लोडवरचं शिखर राहतं १५.६ व्होल्ट. डायोड ‘आदर्श’ माना, असं प्रश्नात म्हटलं असेल तर १७ व्होल्टच लिहायचे. डायोड सिलिकॉनचे असल्याचं सांगितलं आहे आणि आदर्श असल्याचं नाही, तर १.४ वजा करायचे आणि तसं गृहीतक उत्तरात एका ओळीत नोंदवायचं.

आलेखाबद्दल. आधीच्या साइन तरंगाचा वरचा उंचवटा आहे तसाच राहतो, खालचा उलटून वर येतो. पूर्वी २० मिलिसेकंदांत एक वर आणि एक खाली असे दोन वेगळे भाग होते. आता त्याच वेळात दोन सारखेच उंचवटे येतात. सारखी आकृती दर १० मिलिसेकंदांनी परतते, म्हणून आउटपुटची वारंवारता १०० हर्ट्झ. अगदी काटेकोर आलेख काढायचा तर दोन उंचवट्यांच्या मध्ये एक बारीकसा सपाट भागही दाखवायला हवा, कारण पुरवठा १.४ व्होल्टच्या खाली असतो तेवढा वेळ डायोड चालूच होत नाहीत. १७ व्होल्टच्या शिखरापुढे तो भाग कसाबसा दिसेल एवढाच असतो. पण हाच ब्रिज १ व्होल्ट आरएमएसच्या क्षीण सिग्नलला लावून पाहा. त्याचं शिखरच १.४१ व्होल्ट. दोन डायोड ते सगळं गिळून टाकतात आणि लोडवर जवळजवळ काहीच मिळत नाही. ‘ब्रिज रेक्टिफायर पूर्ण तरंग देतो’ हे विधान पुरवठा १.४ व्होल्टच्या मानानं बराच मोठा असतानाच खरं असतं.

सरासरीच्या बाबतीत एक बारीक चूक जाणकारांकडूनही होते. आदर्श पूर्ण तरंगाची सरासरी 2Vm/π, म्हणजे शिखराच्या ०.६३७ पट. १६.९७ ला ०.६३७ नं गुणलं की १०.८ व्होल्ट. आता डायोडांची घट धरायची, तर अनेक जण १५.६ लाच ०.६३७ नं गुणतात आणि ९.९ लिहितात. पण घट फक्त शिखरावर होत नाही. डायोड चालू असतात त्या प्रत्येक क्षणी १.४ व्होल्ट कमी होत असतात. आख्खा उंचवटा १.४ नं खाली सरकतो, तो आकसून लहान होत नाही. म्हणून आधी सरासरी काढायची आणि मग १.४ वजा करायचे : १०.८ उणे १.४, म्हणजे ९.४ व्होल्ट. शून्याजवळचा तो सपाट भाग धरून नेमकं गणित केलं, तरी उत्तर ९.४ च येतं. प्रयोगशाळेत लोडवर डीसी मल्टिमीटर लावला, तर याच आकड्याच्या आसपासचं वाचन मिळतं. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असूनही मीटर साडेनऊ का दाखवतो, असं विद्यार्थी विचारतात. कारण डीसी मीटर शिखरही दाखवत नाही आणि आरएमएसही नाही, तो सरासरी दाखवतो. मात्र प्रयोगशाळेत आकडा थोडा जास्तही येऊ शकतो. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ व्होल्ट सहसा त्याच्या पूर्ण भाराला मिळणारे असतात आणि आपल्या लोडमध्ये धारा आहे जेमतेम १० मिलिअँपिअर. इतक्या हलक्या भाराला तो १३-१४ व्होल्टही देतो.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, पण त्याआधी त्याचा सोपा भाऊ. डी१ उलटा न बसवता तो तुटला असं समजू, म्हणजे त्या जागी मार्गच नाही. अ वर असताना धारेला क पर्यंत जायला डी१ शिवाय रस्ता नव्हता, म्हणून ते अर्धं आवर्तन कोरडं जातं. ब वर असताना मार्ग डी२ आणि डी३ मधून आहे. त्याला डी१ ची गरजच नाही. म्हणून दर २० मिलिसेकंदांत एक उंचवटा मिळतो. हे खरोखरच हाफ वेव्ह आउटपुट. वारंवारता ५० हर्ट्झ, सरासरी निम्मी, ४.७ व्होल्ट.

उलटा बसवलेला डी१ मात्र तुटलेल्या डी१ सारखा वागत नाही. तो आता क कडून अ कडे धारा नेतो. अ वर असताना अ ला जोडलेले दोन्ही डायोड, डी१ आणि डी३, अ च्या दिशेनंच धारा नेणारे. अ मधून बाहेर जायला वाटच नाही. लोडवर शून्य. इथपर्यंत तुटलेल्या डायोडसारखंच. आता ब वर येऊ द्या. ब कडून धारा डी२ मधून क ला आली. क पासून तिला दोन वाटा आहेत : एक लोडच्या १ किलोओहममधून, दुसरी उलट्या डी१ मधून थेट अ कडे. दुसऱ्या वाटेवर रोध असा काहीच नाही. ब, डी२, क, डी१, अ : ट्रान्सफॉर्मरची दुय्यम गुंडाळी दोन डायोडांमधून शॉर्ट झाली.

लोडचं काय होतं ते विभवांवरून पाहा. डी१ चालू असल्यामुळे क हा बिंदू अ पेक्षा जेमतेम ०.७ व्होल्ट वर अडकून पडतो (प्रचंड धारेमुळे थोडा जास्त, पण व्होल्ट-दीड व्होल्टच्या पलीकडे फारसा नाही). लोडमधून ड ला जाऊन पुढे डी३ मधून अ ला पोचायचं, तर त्या मार्गालाही तेवढंच व्होल्टेज उपलब्ध आहे आणि त्यातला मोठा भाग डी३ उघडायलाच जातो. लोडवर उल्लेखावं असं काही उरत नाही. म्हणजे दोन्ही अर्ध्या आवर्तनांत आउटपुट जवळजवळ शून्य आणि एका अर्ध्यात शॉर्ट सर्किट. फ्यूज असेल तर तो उडेल. नसेल तर दोनपैकी एक डायोड जळेल किंवा ट्रान्सफॉर्मर तापून वास येऊ लागेल. ‘हाफ वेव्ह’ हे उत्तर अर्धंही बरोबर नाही. ते लिहिणाऱ्यानं उलटा डायोड म्हणजे नसलेला डायोड असं मानलेलं असतं.

असाच शॉर्ट प्रयोगशाळेत कोणीही डायोड उलटा न बसवता होतो आणि तेव्हा कारण शोधायला फार वेळ जातो. दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर इनपुट आणि आउटपुट एकदम पाहण्याचा मोह होतो. एक प्रोब अ आणि ब वर लावला, दुसरा क आणि ड वर. प्रोबच्या काळ्या क्लिपा ब ला आणि ड ला. पण नेहमीच्या ऑसिलोस्कोपमध्ये दोन्ही काळ्या क्लिपा आतून एकाच अर्थिंगला जोडलेल्या असतात. त्यामुळे ब आणि ड एकमेकांना चिकटले, म्हणजेच डी४ वर तार टाकली गेली. आता ब वर असताना धारा ब मधून क्लिपांच्या वाटेनं ड ला, तिथून डी३ मधून सरळ अ ला जाते. डी३ जळतो आणि बोल डी३ बनवणाऱ्याला लागतो. ब्रिजचं इनपुट आणि आउटपुट साध्या ऑसिलोस्कोपवर एकाच वेळी पाहू नये. एकेक करून पाहावं.

परीक्षेच्या प्रश्नात पुढे कधी कधी कपॅसिटर येतो आणि तिथं सरासरीचं सगळं गणित बदलतं. आपल्याच लोडला समांतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावू. पहिल्या उंचवट्याबरोबर तो १५.६ व्होल्टपर्यंत भरतो. पुरवठा खाली उतरू लागला की क चं विभव अ आणि ब या दोघांपेक्षाही वर राहतं, म्हणून चारही डायोड बंद. आता लोडला धारा कपॅसिटर देतो. त्याची रिकामं होण्याची गती रोध आणि धारकता यांच्या गुणाकारावर ठरते, जो इथं ०.४७ सेकंद आहे. पुढचा उंचवटा तर १० मिलिसेकंदांतच येणार. तेवढ्या अवधीत कपॅसिटर जेमतेम ०.३ व्होल्टनं उतरतो आणि पुन्हा भरला जातो. आउटपुट म्हणजे १५.३ आणि १५.६ च्या मध्ये हलणारी जवळजवळ सपाट रेषा. त्या हलण्याला रिपल म्हणतात.

आता याच सर्किटमध्ये डी१ तुटला, तर? दोन उंचवट्यांमधलं अंतर १० ऐवजी २० मिलिसेकंद होतं, म्हणून रिपल दुप्पट, सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट होतो. पण डीसी मीटरवरचा आकडा १५.४ वरून १५.२ च्या आसपास येतो, बस्स. कपॅसिटर नसताना हाच बिघाड ९.४ चे ४.७ करत होता आणि लगेच ओळखू येत होता; कपॅसिटरनं तो झाकून टाकला. मीटर लावून ‘पुरवठा ठीक आहे’ असं म्हणणारा इथं फसतो. ओळखायचं ते रिपलच्या वारंवारतेवरून : स्कोपवर दोन शिखरांमध्ये १० मिलिसेकंद दिसायला हवेत, २० दिसले तर ब्रिजची एक बाजू मेलेली आहे. तोच पुरवठा ॲम्प्लिफायरला दिलेला असेल, तर स्पीकरमधला हम जाडसर होतो, कारण त्यात १०० ऐवजी ५० हर्ट्झ आलेले असतात. मग वीज बंद करून, कपॅसिटर रिकामा करून, मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर चारही डायोड तपासायचे. चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेनं ०.५ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या दिशेनं काहीच नाही. दोन्ही दिशांनी काहीच नाही, तर तो तुटलेला. दोन्ही दिशांनी शून्याजवळ, तर शॉर्ट. सर्किटमधल्या इतर भागांमुळे वाचन बिघडू शकतं, म्हणून शंका आली की डायोडचं एक टोक सोडवून पुन्हा मोजावं.

एक प्रश्न अजून राहिला आणि तो बहुपर्यायी परीक्षांचा लाडका आहे : बंद असलेल्या डायोडला जास्तीत जास्त किती उलटं व्होल्टेज सोसावं लागतं? याला पीक इन्व्हर्स व्होल्टेज म्हणतात. ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडवर ते शिखराएवढंच येतं, आपल्या प्रश्नात जवळपास १७ व्होल्ट. एकाच डायोडच्या हाफ वेव्ह सर्किटमध्येही लोड नुसता रोध असेल तर ते १७ च. पण त्याच हाफ वेव्ह सर्किटला कपॅसिटर लावला की गोष्ट बदलते. डायोडच्या एन टोकाला कपॅसिटरनं धरून ठेवलेले अधिक १७ व्होल्ट आणि त्याच क्षणी पी टोकाला पुरवठ्याचं उणं शिखर, उणे १७. टोकांमधला फरक ३४. सर्किटच्या इतर कोणत्याही दोन बिंदूंत एवढं व्होल्टेज नसतं, म्हणून आकृतीकडे नुसतं पाहून हा आकडा सुचत नाही. तो दोन टोकांची विभवं लिहिल्यावरच दिसतो.

१७ व्होल्टच्या हिशेबात हा फरक कागदावरच राहतो, कारण बाजारातला सर्वांत साधा वन-एन ४००१ डायोडही ५० व्होल्ट उलटे सोसतो. पण हेच सर्किट थेट २३० व्होल्टच्या लाइनवर असेल, तर शिखर ३२५ आणि कपॅसिटरसह हाफ वेव्हमध्ये उलटं व्होल्टेज ६५० होतं. त्या मालिकेतला वन-एन ४००४ हा ४०० व्होल्टचा असतो. नुसत्या रोधाच्या लोडवर तो टिकलेला दिसेल, कपॅसिटर लावताच जाईल. ६०० व्होल्टचा ४००५ देखील पुरत नाही. तिथं १००० व्होल्टचा ४००७ च घालावा, कारण लाइनमध्ये अधूनमधून येणारे झटके ६५० च्याही वर जातात. आणि अशी वस्तू दुरुस्तीसाठी उघडली, तर प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. मीटर लावून ते उतरल्याची खात्री होईपर्यंत आत बोट घालू नका.